परदेशी वाटेवरचे शब्द : भाग ४
तिकिटाला पंच आपणच करायचा

एसटीत पूर्वी कंडक्टरचा पंच टकटक वाजायचा. आता तो मशीनमधून तिकीट फाडून देतो. दोन्ही वेळा प्रवाशाने फक्त पैसे द्यायचे. वाशीमचा माणूस इटलीत फसतो तो याच सवयीने. तिथे पंच करणं प्रवाशाचं काम आहे आणि त्याला म्हणतात convalida, कोनवालिदा.

आपण वाशीमहून हिंगोलीचं जनरल तिकीट काढलं, की खरेदीपासून तीन तासांत किंवा पहिल्या गाडीने निघावं लागतं. म्हणजे आपलं घड्याळ खिडकीवरच चालू होतं. इटलीत प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटावर तारीख असते, गाडी आणि आसन मात्र नसतं. शिक्का नसेल तर तेच तिकीट दिवसभर पुन्हा पुन्हा वापरता येईल. म्हणून फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते घालून तारीख-वेळ छापून घ्यायची. तिथून चार तास.

समजा फ्लॉरेन्सहून पिसाला जायचंय. सकाळी नऊला तिकीट घेतलं आणि १०.१०ला यंत्रात घातलं, तर ते २.१०पर्यंत चालेल. छाप नीट उमटली का, हे तिथेच पाहा. यंत्र बंद असेल तर चढताच स्वतःहून गार्डकडे जा. तो तुमच्यापर्यंत पोचला, तर तिकीट असूनही दंड होतो. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटाला छाप नाही, पण चढण्याआधी Check-in करावंच लागतं. फ्रेच्चारोसासारख्या वेगवान गाडीचं तिकीट ठरावीक गाडीचं आणि आसनाचं असतं, म्हणून तिथे यातलं काहीच नको.

शहरी बसचं तिकीट बहुधा तंबाखूच्या दुकानात घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात घालायचं. रोममध्ये साधं तिकीट छापल्यापासून १०० मिनिटं चालतं.

Coincidenza, कोइंचिदेन्त्सा. इंग्रजी येणाऱ्याला हा योगायोग वाटतो. फलकावर त्याचा अर्थ जोडगाडी, जशी वाशीमकराला अकोल्यात मुंबईची गाडी धरायची असते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. मग पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी हुकली, तर पुढे पोचवणं रेल्वेचं काम. वेगवेगळी तिकिटं असतील तर नुकसान आपलं.

आणि sciopero, शोपेरो, म्हणजे संप. २०२१च्या हिवाळ्यात एसटी थांबली, तेव्हा ती कधी सुटेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. इटलीत १९९०च्या कायद्याने किमान दहा दिवस आधी सूचना द्यावी लागते, त्यामुळे तारीख आधीच कळते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरलेल्या प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. शहरी बसच्या वेळा मात्र शहरागणिक वेगळ्या. तुमची गाडी सुटली आणि वाटेत संप लागला, तर शेवटचं स्टेशन तासाभरात येत असेल तरच ती तिथवर नक्की जाते. लांबचा पल्ला असेल, तर ती मधल्याच एखाद्या स्टेशनात उभी राहू शकते.