गुदविदराचा उपचार

गुदविदर म्हणजे गुदमार्गाच्या अगदी शेवटच्या भागातील त्वचेला पडलेली उभी चीर होय. व्यवहारात तिला ‘फिशर’ म्हणतात. आयुर्वेदात तिचे वर्णन परिकर्तिका या नावाने येते. महाराष्ट्रात गुदद्वाराच्या बहुतेक तक्रारींना सरसकट ‘मूळव्याध’ म्हटले जाते. त्यामुळे पुष्कळ रुग्ण फिशरवर कित्येक महिने मूळव्याधीचीच औषधे घेत राहतात. वास्तविक या दोन विकारांतील फरक रुग्णाच्या सांगण्यावरूनच बहुधा लक्षात येतो. आतील मूळव्याधीत रक्त पडते, पण सहसा दुखत नाही. फिशरमध्ये रक्त थोडेच असते, मात्र शौचाच्या वेळी काच चिरत गेल्यासारखी वेदना होते व नंतर तासन्‌तास ठणका राहतो.

जखम न भरण्याचे कारण

कठीण मळामुळे पडलेली ताजी चीर पुष्कळदा आपोआप भरते. तंतुमय आहार, भरपूर पाणी, इसबगोल आणि दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्यात बसून घेतलेला कटिस्नान एवढ्या उपायांनी सुमारे निम्मे रुग्ण बरे होतात. सहा ते आठ आठवड्यांनंतरही न भरलेल्या चिरेला जुनाट फिशर म्हणतात. तिच्या कडा जाड झालेल्या असतात, तळाशी स्नायूचे पांढरट आडवे तंतू दिसतात आणि बाहेरच्या टोकाशी त्वचेचा लहानसा कोंब येतो. हा कोंब हाताला लागतो व त्यालाच मूळव्याधीचा मोड समजले जाते.

चीर न भरण्यामागे गुदद्वाराभोवतीचा आंतर परिसंकोची स्नायू (स्फिंक्टर) असतो. हा स्नायू इच्छेच्या ताब्यात नाही. विश्रांतीच्या वेळी गुदद्वार मिटलेले ठेवणारा बहुतांश दाब तोच निर्माण करतो. वेदनेमुळे तो आणखी आवळला जातो. त्वचेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या याच स्नायूतून जात असल्याने आवळलेल्या स्नायूमुळे रक्तपुरवठा घटतो. गुदद्वाराच्या मागील बाजूस मध्यरेषेवर हा पुरवठा मुळातच कमी असतो, आणि बहुसंख्य फिशर नेमके तेथेच होतात. रक्त कमी म्हणून जखम भरत नाही, जखम आहे म्हणून दुखते, आणि दुखते म्हणून स्नायू आवळलेलाच राहतो. पुढील तिन्ही उपचार हे चक्र स्नायूच्या जागी तोडतात. त्यांत मुख्य फरक परिणाम किती काळ टिकतो याचा आहे: मलमाचा काही तास, इंजेक्शनचा काही महिने आणि शस्त्रक्रियेचा कायमचा.

स्नायू शिथिल करणारी मलमे

या मलमांपैकी ग्लिसेरिल ट्रायनायट्रेट अधिक जुने आहे. हृदयशूलासाठी जिभेखाली ठेवल्या जाणाऱ्या गोळीतील हेच औषध ०.२ ते ०.४ टक्के प्रमाणात मलमात मिसळतात. त्यापासून तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड स्नायू सैल करतो. तो रक्तात शोषला जाऊन मेंदूकडील रक्तवाहिन्याही रुंदावत असल्याने डोके दुखते, आणि त्यापायी अनेक रुग्ण औषध सोडतात. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे मलम वापरू नये. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

दुसरा पर्याय २ टक्के डिल्टियाझेमचा आहे. ते स्नायुपेशीत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे स्नायू आकुंचन पावत नाही. डोकेदुखी कमी होत असल्याने आता पुष्कळ ठिकाणी सुरुवात याच मलमाने करतात. काहींना मात्र त्याने खाज सुटते.

मलम दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढे, बोटावर हातमोजा चढवून गुदद्वाराच्या कडेला आणि किंचित आत लावतात. ते खोलवर सारण्याची गरज नसते. उपचार सहा ते आठ आठवडे चालतो. वेदना बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच कमी होते आणि नेमके येथेच बिनसते. जखम पूर्ण भरण्याआधीच दुखणे थांबल्यामुळे मलम बंद केले जाते व चीर पुन्हा उघडते. औषध अपयशी ठरले असे म्हणण्यापूर्वी ते पूर्ण मुदतीपर्यंत लावले होते का, हे विचारावे लागते. ते लावले असले तरी जुन्या फिशरपैकी साधारण निम्मेच भरतात आणि भरलेल्यांपैकी काही पुन्हा होतात.

बोट्युलिनमचे इंजेक्शन

बोट्युलिनम विष चेतातंतूंच्या टोकांतून रासायनिक संदेशवाहक बाहेर पडू देत नाही. फिशरसाठी त्याचा वापर १९९३ च्या सुमारास जर्मनीतून प्रथम नोंदवला गेला. साधारणतः २० ते ५० युनिट इतकी मात्रा बारीक सुईने स्फिंक्टरमध्ये टोचतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांतील युनिट समान नसतात, त्यामुळे एकाची मात्रा दुसऱ्याला लावता येत नाही. परिणाम काही दिवसांत सुरू होऊन दोन-तीन महिने टिकतो आणि तेवढ्या अवधीत जखम भरावी अशी अपेक्षा असते. काहींना या काळात वायू रोखता येत नाही, पण परिणाम ओसरला की ही अडचणही संपते. परिणाम ओसरण्याचा हा गुण स्त्रियांच्या व वयस्कांच्या बाबतीत मोलाचा ठरतो. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे फिशर पुन्हा होण्याचा संभव.

स्फिंक्टरोटमी

या शस्त्रक्रियेत आंतर स्फिंक्टरचा खालचा भाग छेदतात. एसेनहॅमर यांनी १९५१ मध्ये वर्णिलेल्या मूळ पद्धतीत छेद मागील मध्यरेषेवर, फिशरच्याच जागी घेत. तेथे किल्लीच्या भोकासारखी खाच राहून मळाचे डाग पडत. नोटारस यांनी १९६९ मध्ये हा छेद बाजूला नेला व ‘लॅटरल’ स्फिंक्टरोटमी रूढ झाली. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत आटोपते, रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो आणि दहापैकी नऊहून अधिक फिशर भरतात. बोटांनी गुदद्वार ताणण्याच्या जुन्या पद्धतीत स्नायू वाटेल तेथे फाटतो, म्हणून ती मागे पडली.

कापलेला स्नायू पूर्ववत होत नाही. काही रुग्णांना वायू किंवा पातळ मळ रोखणे कायमचे अवघड जाते. त्यामुळे आता अनेक शल्यचिकित्सक छेद फिशरच्या लांबीएवढाच ठेवतात.

समजा, पस्तीस वर्षांच्या दोन रुग्णांनी डिल्टियाझेम आठ आठवडे नियमाने लावले, तरीही चीर भरली नाही. पहिला पुरुष असून तपासणीत त्याचा स्फिंक्टर घट्ट लागतो. त्याला इंजेक्शन किंवा थेट स्फिंक्टरोटमी यांपैकी काहीही सुचवता येते, आणि शस्त्रक्रियेचा फायदा धोक्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असतो. दुसरी स्त्री असून प्रसूतीच्या वेळी तिला चिमटा लावावा लागला होता. तिचा स्फिंक्टर मुळातच आखूड आणि कदाचित आधीच दुखावलेला असेल. तिच्या बाबतीत आधी गुदमार्गातून सोनोग्राफी व दाबमापन करतात. दाब कमीच आढळला तर स्नायू आणखी सैल करण्यात अर्थ नसतो. अशा वेळी स्नायूला हात न लावता शेजारची निरोगी त्वचा सरकवून चिरेवर शिवतात.

चीर मध्यरेषेपासून बाजूला असेल, एकाहून अधिक असतील किंवा दुखत नसेल, तर यांपैकी कोणताही उपचार सुरू करण्यापूर्वी क्षयरोग, क्रोन्सचा विकार, उपदंश, एचआयव्ही व कर्करोग यांचा शोध घेतात. त्यासाठी चिरेच्या कडेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.