बनावरची झळाळी

तळोजे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत उभी राहते. 2023 च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून आम्हां तळोजेकरांना कॉलेजात येणे सोपे झाले, एवढीच काय ती नवी ओळख. माझ्यापुरते मात्र तळोजे म्हणजे माझ्या मामाची छोटी बेकरी. सुट्टीत मी तिथे गल्ल्यावर बसते. या लेखाचे निमित्त तिथेच घडले, आणि त्यात माझीही चूक होती, म्हणून ते आधी सांगते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या गल्लीतल्या एक आजी नेहमीप्रमाणे चार गोड बन घ्यायला आल्या. नातवाने काहीतरी सांगितले असावे. त्यांनी विचारले, "बाई गं, यात अंडं नाही ना?" मी सवयीने म्हणाले, "नाही आजी, पिठात अंडं घालत नाही." आजी निश्चिंत होऊन बन घेऊन गेल्या. मामा मागे उभा होता. त्याच्या हातात कुंचा होता आणि समोरच्या वाडग्यात फेटलेले अंडे. रात्री दुकान बंद करताना तो म्हणाला, "पिठात नसतं, वर असतं. तू खोटं बोलली नाहीस, पण खरंही सांगितलं नाहीस."

"मग वर दूध लावू या की," मी म्हणाले. मामा हसला. त्याने पूर्वी एकदा तसे केले होते, पण बन इतके निस्तेज दिसले की दुकानदारांनी ते शिळे समजून परत पाठवले. तेव्हा प्रश्न असा उरला की अंडे बनावर नेमके करते तरी काय, आणि त्यातले किती काम दुसरे कोणी करू शकेल. दोन दिवस आम्ही त्याचाच शोध घेतला.

मित्रहो, आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. आपल्या रोजच्या लादीपावाला अंडे लावत नाहीत. त्याचा रंग पिठातून आणि भट्टीच्या धगीतून येतो, आणि बाहेर काढल्यावर वरून तेला-तुपाचा हात फिरवला तर थोडी चकाकी येते. अंडे लावतात ते गोड बनाला, पॅटिसला आणि काही प्रकारच्या पेस्ट्रीला. परदेशातही तसेच आहे. फ्रेंचांचा ब्रिओश किंवा ज्यू लोकांचा वेणी घातलेला हल्ला हा पाव त्या तकाकीवाचून ओळखूच येणार नाही.

या लेपाची कामे दोन असतात, रंग देणे आणि चमक देणे. ती वेगवेगळी आहेत हे लक्षात घेतले की पुढचे सारे सोपे होते. रंग येतो तो प्रथिने आणि काही प्रकारच्या साखरा तापून एकमेकांशी संयोग पावल्यामुळे. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. पृष्ठभाग सुकून साधारण 140 अंशांच्या वर गेला की ती वेगाने होते. चमक येते ती अंड्यातली प्रथिने गोठून बनावर काचेसारखा गुळगुळीत पातळ पडदा तयार झाल्यामुळे. पांढऱ्या बलकात सुमारे नऊ-दशांश पाणी आणि उरलेले बहुतेक प्रथिन असते, म्हणून तो चमक देतो, पण रंग बेताचाच देतो. पिवळ्या बलकात पाणी निम्मेच असते. त्यात प्रथिने तर असतातच, शिवाय जवळजवळ एक-तृतीयांश स्निग्धांश आणि स्वतःचा पिवळा रंगही असतो. तो रंग कोंबडीच्या खाद्यावर अवलंबून असतो. मका खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक गडद असतो.

आता प्रत्यक्ष प्रयोग. मामाने एका मोठ्या पत्र्यावर 24 बन मांडले. पीठ एकच, प्रत्येक गोळा 60 ग्रॅमचा. सहा-सहाच्या चार ओळी केल्या. पहिल्या ओळीला फक्त पिवळा बलक, तो फारच दाट असल्याने त्यात एक लहान चमचा पाणी घातले. दुसऱ्या ओळीला नुसते अख्खे अंडे. तिसऱ्या ओळीला अख्खे अंडे आणि एक मोठा चमचा पाणी. चौथ्या ओळीला अख्खे अंडे आणि तेवढेच दूध. प्रत्येकात चिमूटभर मीठ घालून दहा मिनिटे ठेवले. मिठाने अंड्याचे तंतू सैल पडतात आणि मिश्रण पातळ, एकजीव होते. मग प्रत्येक मिश्रण गाळून घेतले, कारण पांढऱ्या बलकाची तार कुंच्यात अडकली की बनावर पांढरट डाग उमटतो. ओव्हन 200 अंशांवर होता आणि वेळ 14 मिनिटे.

पत्रा बाहेर आला तेव्हा चारही ओळी लांबूनही वेगळ्या दिसत होत्या. नुसत्या पिवळ्या बलकाची ओळ सर्वांत गडद होती, नारिंगीकडे झुकणारा सोनेरी तपकिरी रंग. पण जवळून पाहिल्यावर कुंच्याच्या रेघा दिसत होत्या, आणि दोन बनांवर बारीक तडे होते. बन ओव्हनमध्ये आणखी फुगतो, पण दाट लेप लवकर गोठतो आणि मग ताणला की फाटतो. अख्ख्या अंड्याची ओळ एकसारखी तपकिरी आणि छान चकचकीत होती. पाणी घातलेल्या ओळीचा रंग तिच्याहून फिका होता, पण चमक स्वच्छ होती आणि लेप सर्वांत सहज पसरला होता. दूध घातलेली ओळ पाण्याच्या ओळीपेक्षा एक छटा गडद आणि चमकीला किंचित मंद होती. दुधात प्रथिने असतात आणि दुधातली साखर मायार क्रियेत भाग घेते, म्हणून रंग वाढतो. दुधातली चरबी मात्र चमक थोडी मऊ करते.

यावरून कोणता लेप कुठे लावावा हे ठरवता येते. बन लहान, भट्टी कडक आणि वेळ थोडा असेल तर पिवळा बलक उपयोगी, कारण रंग यायला अवधीच कमी असतो. पण तोच लेप पाऊण तास भाजायच्या मोठ्या पावाला लावला, तर आतला गर शिजण्याआधी वरचा भाग काळा पडेल. तिथे अंडे आणि पाणी बरे. रोजच्या गोड बनाला मामाने अंडे आणि दूध निवडले. बनाला साधारण दोन ग्रॅम लेप लागतो, म्हणजे एका अंड्यात दोन-अडीच डझन बन सहज होतात.

चुका कुठे होतात तेही मामाने दाखवले. लेप फार झाला तर तो ओघळून पत्र्यावर उतरतो, तिथे गोठतो आणि बन चिकटतो. ओढून काढला की त्याचा तळ फाटतो. पॅटिसच्या कापलेल्या कडेला लेप लागला तर पदर एकमेकांना चिकटून बसतात आणि त्या बाजूने पॅटिस फुलत नाही, वाकडे होते. म्हणून तिथे फक्त माथ्यावर कुंचा फिरवायचा. बन पुरता फुगल्यावर कुंचा जोराने टेकवला तर आतली हवा निघून तो बसतो. उरलेले अंडे बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरायचे नाही, कारण कच्च्या अंड्यात रोगजंतू वाढतात. कुंचाही तेव्हाच गरम पाण्याने साबण लावून धुवायचा.

एवढे झाल्यावर आम्ही मूळ प्रश्नाकडे वळलो. दुसऱ्या पत्र्यावर अंड्याला सुट्टी दिली. अर्ध्या बनांना नुसते पाणी लावले. त्यांची साल पातळ झाली, पण रंग जवळजवळ नाहीच. उरलेल्यांना नुसते दूध लावले. रंग चांगला बदामी आला, पण चमक नव्हती, मखमलीसारखा मंद पोत होता. दुकानदारांनी बन का परत केले ते आता कळले. रंग होता, पडदा नव्हता. दुधात गोठून काचेसारखा पडदा धरण्याइतके प्रथिन नसते.

तेव्हा दोन कामे दोघांत वाटली. रंगासाठी अर्धा कप दुधात एक लहान चमचा दुधाची पावडर आणि अर्धा चमचा साखर विरघळवून तो लेप भाजण्यापूर्वी लावला. साखर याहून जास्त घातली तर लेप साचेल तिथे काळे ठिपके पडतात, हे एक पत्रा बिघडवून शिकलो. चमकीसाठी बन बाहेर काढल्याबरोबर, गरम असतानाच, वितळलेले लोणी फिरवले. साखरेच्या पाकाने चमक याहून अधिक येते, पण आमच्याकडच्या पावसाळी हवेत पाक चिकट होतो आणि कागद बनाला धरून बसतो. लोण्याची चमक अंड्याइतकी टिकत नाही. साल ते शोषून घेते आणि संध्याकाळपर्यंत बन मंदावतो. म्हणून मामा हे बन आता सकाळच्या विक्रीपुरतेच करतो.

पाकीटबंद पदार्थांच्या नियमांत आपल्याकडे अंडे मांसाहारात आणि दूध शाकाहारात मोजले जाते. उघड्यावर मिळणाऱ्या बनावर मात्र खूण नसते, आणि नुसत्या रंगावरून ओळख पटत नाही. बनाच्या तळाजवळ गोठलेली पिवळी झालर दिसली तर अंडे नक्की समजावे, पण ती न दिसली म्हणून अंडे नाही असे समजू नये. विचारणे हाच खरा मार्ग, आणि विचारताना "पिठात की वर?" असे दोन्ही विचारावे. मामाने आता दोन वेगळे कुंचे आणि दोन वाडगी ठेवली आहेत. अंडे लावलेल्या बनांवर तो तीळ टाकतो, दुधाचे बन कोरे असतात, आणि तशी पाटीही गल्ल्यावर लावली आहे.

आजींना खरे सांगायचे काम मामाने माझ्यावरच सोपवले. मी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "इतकी वर्षं?" मी मान हलवली. त्या दिवशी त्या काही न घेता गेल्या. आठवडाभर आल्या नाहीत. मला वाटले, आता येणारच नाहीत. नंतर एका सकाळी आल्या, पाटी नीट वाचली, आणि बोट दाखवून म्हणाल्या, "ते कोरे दे. चार."

बन थोडे मंद दिसत होते. मी ते कागदात बांधून दिले.