कळ्या वाढवल्या म्हणून घेर वाढत नाही

सिल्वासापासून वासोण्यापर्यंत कुणाच्याही घरी शिवणयंत्र चालू असलं की दिवाळीआधी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ताई, बारा नको, सोळा कळ्यांचा अनारकली शिवा, घेर जास्त येईल." शिवणवर्गात मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता हातातला खडू खाली ठेवून टेपच पुढे करते.

घेर म्हणजे खालच्या कडेची एकूण लांबी: प्रत्येक कळीची तळाची रुंदी गुणिले कळ्यांची संख्या. कळी तेवढीच रुंद ठेवून चार वाढवल्या तर घेर वाढेलच. पण मग वरची मापंही वाढतात आणि छातीखालची शिवण अंगावर बसत नाही. म्हणजे प्रत्येक कळी वर अरुंद करावी लागते, आणि खाली किती पसरायचं ते वेगळं ठरवावं लागतं. त्यामुळे आधी घेर ठरवा, कळ्या नंतर.

एक उदाहरण घेऊ. छातीखालची शिवण ढिलाईसकट 36 इंच, तिथपासून खालची लांबी 38, घेर 156 इंच, म्हणजे जवळपास चार मीटर. बारा कळ्या केल्या तर प्रत्येक कळी वर 3 आणि खाली 13 इंच. आठ केल्या तर वर साडेचार, खाली साडेएकोणीस. दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच मार्जिन वेगळं. घेर दोन्हीत तोच! फरक पडतो तो पसरण्यात. आठ कळ्यांत प्रत्येक कड जास्त तिरकी जाते, म्हणून घेर शिवणींपाशी गोळा होतो. बाराच्या घेराला सारखी लाट येते.

"जास्त कळ्या म्हणजे जास्त कापड" हेही सरसकट खरं नाही. 44 इंच पन्ह्यात या बारा कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा मांडल्या तर एका लांबीत चार बसतात. 40 इंचांच्या तीन लांबी, तीन मीटरला जरा जास्त. आठ कळ्या रुंद असल्यामुळे एका लांबीत दोनच बसतात, म्हणून चार लांबी लागतात. मात्र कापडाला एकाच दिशेची फुलं असतील किंवा मखमल असेल तर उलटी मांडणी विसरा.

मग सोळा, वीस का नकोत? प्रत्येक कळीला दोन कडा असतात. बारा कळ्यांच्या चोवीस कडांवर मार्जिन पाव इंचाच्या निम्म्यानेही चुकलं, तरी वर तीन इंचांची तफावत. सोळात ती चार इंचांवर जाते. नवशिक्याला म्हणूनच मी बाराच्या पुढे जाऊ देत नाही.

आता खालची कड. "कळीचा तळ सरळ कापला की घेर सरळ येतो" या गैरसमजाची मला सर्वांत जास्त चीड येते. आपल्या बारा कळ्यांत मधली लांबी 38 इंच, पण तिरकी कड पायथागोरसप्रमाणे 38 आणि एकतृतीयांश. आठ कळ्यांत ती जवळपास पाऊण इंच जास्त. तळ सरळ ठेवला तर प्रत्येक शिवणीपाशी टोक खाली लोंबतं आणि घेराला करवतीचे दात येतात. म्हणून मध्यरेषेवर आणि दोन्ही कडांवर वरून 38-38 मोजून खुणा करायच्या आणि त्या गोलाईत जोडायच्या. खात्रीसाठी दोन कळ्या कडेला कड लावून ठेवा. सांध्यावर टोक दिसलं तर गोलाई चुकली आहे.

उभा धागा कळीच्या मध्यरेषेत हवा. तो एका कडेला धरला की दुसऱ्या कडेवर सगळा उरेब येतो, आणि उरेब कापड लोंबतं. दात सगळ्या शिवणींवर सारखे असतील तर दोष आखणीचा. काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी कमी असतील तर धाग्याचा, किंवा शिवताना कापड ताणल्याचा. सगळ्या शिवणी रुंद टोकाकडून अरुंद टोकाकडे, एकाच दिशेने घाला.

किरकोळ समज एका दमात. कॅनकॅन घेर उचलतं, वाढवत नाही. अस्तराला बाहेरच्याइतका घेर लागत नाही, चालताना पाय अडणार नाहीत एवढा पुरतो. आणि अनारकली हा मुघल दरबाराचा नमुना नव्हे. कळीदार पेशवाज तेव्हा होते, पण आजचं नाव 1960 च्या 'मुघल-ए-आझम'मधल्या मधुबालाच्या रूपाशी जोडलं गेलं आहे.

"पोशाख झाला की लगेच घेर दुमडा" असंही कुणी सांगतं. जॉर्जेट असेल तर मुळीच नको. पूर्ण जोडलेला पोशाख एक दिवस हँगरवर लटकवा, मग घालणारीला तिच्या चपलेसकट उभं करा आणि जमिनीपासून उभ्या पट्टीने गोल फिरत सगळीकडे सारखी उंची खडूने मारा. ती स्वतः वाकून बघायला लागली की खूण हलते, म्हणून तिला समोरच बघायला सांगा.