बाक्यांच्या गणितातला भागाकार

३x ≡ ४ (mod ७) या ओळीत एक साधा प्रश्न दडलेला आहे: कोणत्या पूर्णांकाला ३ ने गुणून आलेल्या गुणाकाराला ७ ने भागले, तर बाकी ४ उरते? तीन आडव्या रेघांचे हे चिन्ह कार्ल फ्रीड्रिख गाउस या जर्मन गणितज्ञाने १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रूढ केले. दोन संख्यांना एकाच संख्येने भागल्यावर सारखीच बाकी उरत असेल, तर त्या दोन संख्या त्या भाजकापुरत्या समशेष मानतात. त्या भाजकाला मापांक म्हणतात. १८ ला ७ ने भागले तर बाकी ४ उरते, म्हणून १८ ≡ ४ (mod ७).

आठवड्याचे वार हे ७ मापांकाचे रोजचे उदाहरण आहे. रविवारपासून सुरुवात करून दर तीन दिवसांनी एखादे काम करायचे ठरवले, तर किती खेपांनंतर ते गुरुवारी येईल? रविवारला ० धरले तर गुरुवार ४ होतो आणि प्रश्न नेमका वरच्या समीकरणाचा होतो.

मापांक लहान असल्यामुळे सगळ्या शक्यता तपासता येतात. x च्या जागी ०, १, २, ३, ४, ५, ६ घातल्यास ३x च्या बाक्या अनुक्रमे ०, ३, ६, २, ५, १, ४ येतात. बाकी ४ फक्त x = ६ ला मिळते. सहा खेपांनंतर, म्हणजे १८ दिवसांनी, काम गुरुवारी येते. त्यापुढे दर सात खेपांनी हेच घडते. म्हणून उत्तर x ≡ ६ (mod ७) असे लिहितात. त्यात ६, १३, २०, तसेच −१ या सगळ्या संख्या येतात.

मापांक सातशे किंवा सात लाख असेल, तर एकेक संख्या तपासणे परवडत नाही. ३x = ४ या नेहमीच्या समीकरणात दोन्ही बाजूंना ३ ने भागले की काम होते, पण इथे ४/३ हा पूर्णांक नाही. मात्र ३ ने भागणे म्हणजे १/३ ने गुणणे, आणि १/३ चा एकच गुण उपयोगाचा असतो: त्याला ३ ने गुणले की १ येतो. बाक्यांच्या गणितातही असा पूर्णांक शोधता येतो. वरच्या यादीत x = ५ ला बाकी १ आली आहे, कारण ३ × ५ = १५ आणि १५ मधून १४ गेले की १ उरतो. म्हणून ७ या मापांकासाठी ५ हा ३ चा गुणाकार व्यस्त आहे.

मग समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ५ ने गुणायचे. डावीकडे १५x येतो, उजवीकडे २०. १५ ≡ १ आणि २० ≡ ६, म्हणून x ≡ ६. पडताळा घ्यायलाही वेळ लागत नाही: ३ × ६ = १८ आणि १८ ला ७ ने भागल्यावर बाकी ४. शिवाय व्यस्त एकदा हाती आला की उजवी बाजू बदलली तरी पुन्हा शोधाशोध लागत नाही. ३x ≡ २ असेल तर x ≡ १०, म्हणजे ३.

मोठ्या मापांकासाठी व्यस्त शोधायला मसावि काढण्याची भागाकाराची रीत वापरतात. उदाहरणार्थ, १७x ≡ ११ (mod ६०). ६० ला १७ ने भागायचे, मग भाजकाला बाकीने भागायचे आणि बाकी १ येईपर्यंत असेच पुढे जायचे:

६० = ३ × १७ + ९
१७ = १ × ९ + ८
९ = १ × ८ + १

आता खालून वर यायचे. १ = ९ − ८. यात ८ च्या जागी १७ − ९ लिहिले की १ = २ × ९ − १७ मिळते. मग ९ च्या जागी ६० − ३ × १७ लिहिले की १ = २ × ६० − ७ × १७. यातले ६० चे पद ६० ने भागल्यावर बाकी ठेवत नाही, म्हणून १७ चा व्यस्त −७ आहे. त्यात ६० मिळवले की ५३. दोन्ही बाजूंना −७ ने गुणल्यास x ≡ −७७, आणि त्यात १२० मिळवले की x ≡ ४३. पडताळा: १७ × ४३ = ७३१ = १२ × ६० + ११. इथे बहुतेक चुका खालून वर येताना ऋण चिन्हाच्या होतात. व्यस्ताला मूळ संख्येने गुणून बाकी १ येते का, हे आधीच पाहिले तर चूक तिथेच सापडते.

ही रीत बाकी १ पर्यंत पोहोचते ती दोन्ही संख्या सहमूळ असतील, म्हणजे त्यांचा मसावि १ असेल, तेव्हाच. ६x ≡ ४ (mod ९) मध्ये ६ आणि ९ यांचा मसावि ३ आहे. ६x ला ९ ने भागल्यावर ०, ६, ३ याच बाक्या आलटून पालटून येतात. त्यांत १ नाही, म्हणून ६ ला व्यस्त नाही. त्यांत ४ ही नाही, म्हणून या समीकरणाला उत्तरच नाही. उजवीकडे ३ असता तर चित्र वेगळे असते. ६x ≡ ३ (mod ९) मधल्या तिन्ही संख्यांना ३ ने भाग जातो आणि २x ≡ १ (mod ३) उरते. त्याचे उत्तर x ≡ २ (mod ३), म्हणजे ९ च्या हिशेबात २, ५ आणि ८ अशी तीन उत्तरे. इथे मापांकालाही ३ ने भागायला विसरले, तर २x ≡ १ (mod ९) होते, त्यातून फक्त ५ मिळतो आणि २ व ८ हातचे जातात.

भारतीय गणितात हा विषय कुट्टक या नावाने आर्यभटापासून चालत आला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुणल्या जाणाऱ्या संख्येला तिथे भाज्य, मापांकाला हार आणि मिळवायच्या संख्येला क्षेप म्हटले आहे. भाज्य आणि हार यांना ज्या संख्येने भाग जातो तिने क्षेपाला जात नसेल, तर तो प्रश्नच दुष्ट, असा नियम तिथे दिला आहे. क्षेप १ धरून आधी उत्तर काढायचे आणि मग ते खऱ्या क्षेपाने गुणायचे, या रीतीला स्थिरकुट्टक म्हणतात. व्यस्त शोधून उजव्या बाजूने गुणण्याचीच ही रीत.

‘लीलावती’तले एक उदाहरण असे: २२१ ला कितीने गुणून त्यात ६५ मिळवले, तर १९५ ने निःशेष भाग जाईल? तिन्ही संख्यांना १३ ने भाग जातो, म्हणून १७x + ५ ला १५ ने भाग गेला पाहिजे. १७ ≡ २ आणि −५ ≡ १०, तेव्हा २x ≡ १० (mod १५). २ चा व्यस्त ८, कारण २ × ८ = १६. ८ ने गुणल्यास x ≡ ८० ≡ ५. पडताळा: २२१ × ५ + ६५ = ११७० = ६ × १९५. पुढची उत्तरे १५-१५ च्या अंतराने २०, ३५, ५० अशी येतात. १९५ पेक्षा लहान अशी एकूण उत्तरे १३, म्हणजे मसाविइतकीच.