बेरजेची एक अटकळ, आणि ती कुठे मोडते

वही घ्या आणि १ ते ३० संख्या लिहा. प्रत्येक संख्या दोन किंवा जास्त क्रमागत नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून मांडायची. उदाहरणार्थ ९ = ४+५, शिवाय २+३+४. मेसन, बर्टन आणि स्टेसी यांच्या १९८२ च्या 'थिंकिंग मॅथेमॅटिकली'मध्ये हा प्रश्न आहे. इथे छत्रपती संभाजीनगरात पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींना मी तो हमखास देते.

पहिली अटकळ दोन मिनिटांत येते: विषम जमतात, सम जमत नाहीत. ६ = १+२+३ ने ती मोडते. मग कुणीतरी म्हणतं, ४ च्या पटीतल्या जमत नाहीत. ४ आणि ८ खरंच जमत नाहीत, पण १२ = ३+४+५. शेवटी यादीत १, २, ४, ८, १६ उरतात. म्हणजे २ चे घात! ३२ तपासा, ६४ तपासा, जमत नाही. इथेच बरेच जण वहीत 'सिद्ध' लिहून मोकळे होतात. पण अहो, ४ च्या पटीवाली अटकळही ८ पर्यंत टिकलीच होती की.

कारण शोधू. पदं विषम असतील तर बेरीज म्हणजे मधलं पद गुणिले पदांची संख्या, म्हणजे बेरजेला विषम विभाजक मिळाला. पदं सम असतील तर पहिलं-शेवटचं, दुसरं-शेवटून दुसरं अशा जोड्या लावा. प्रत्येक जोडीची बेरीज तीच आणि विषम. पुन्हा १ पेक्षा मोठा विषम विभाजक. २ च्या घाताला तो नसतोच.

हे अर्धंच झालं. विषम विभाजक असलेली प्रत्येक संख्या जमते का? १४ घ्या. विभाजक ७, म्हणून सात पदं, मध्ये १४÷७ = २. मिळतं −१, ०, १, २, ३, ४, ५. ऋण संख्या दिसली की हात खोडरबराकडे जातो (माझाही गेला होता). खोडू नका. −१ आणि १ एकमेकांना खातात, ० गळतो, उरतं २+३+४+५ = १४. एकच पद उरेल अशी भीती वाटते का? एकूण पदं विषम, गळणारीही विषम, म्हणून उरणारी सम. बेरीज धन आहे, तेव्हा किमान दोन उरणारच.

आता गंमत बघा. ऋण पूर्णांक चालतील असं म्हटलं, तर ८ = −७−६−…+६+७+८. दहा पदं नव्हे, सोळा, मोजून बघा. या युक्तीने कुठलीही धन संख्या जमते आणि आपली अटकळ कोसळते. म्हणून विधानात 'नैसर्गिक' हा शब्द लिहावाच लागतो.

१५ तीन प्रकारे जमते. ४५ किती प्रकारे, ते यादी न करता सांगता येईल का? वरच्या १४ च्या उदाहरणात काय केलं ते पुन्हा बघा.