डीव्हीडीतलं नाटक फाइलमध्ये उतरवताना

नवीन लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नसतो आणि जुन्या प्लेअरची दुरुस्तीही अवघड होत चालली आहे. घरातल्या डिस्क अजून चालताहेत तोवर त्यांच्या फाइल करून घ्याव्यात. त्यासाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह आणि HandBrake हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मात्र HandBrake डिस्कचं कॉपी-कुलूप उघडत नाही. त्यामुळे ते कामी येतं कुलूप नसलेल्या डिस्कसाठी.

समजा, आपल्या नाट्यसंस्थेने काढलेली अडीच तासांच्या प्रयोगाची डीव्हीडी आहे. संवाद मराठी, सबटायटल इंग्रजी. डिस्क उघडली की सर्वांत लांब टायटल निवडा, तेच नाटक. मग HQ 576p25 Surround हा तयार प्रीसेट घ्या. भारतातल्या बहुतेक डीव्हीडी पाल पद्धतीच्या, म्हणजे ७२० बाय ५७६ बिंदूंच्या असतात. हेच चित्र १०८०पर्यंत ताणलं तर फाइल फुगते, पण चेहऱ्यावरचा एकही नवा बारकावा दिसत नाही.

दर्जा ठरतो RF या आकड्यावर. हा आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी १८ ते २२ ही योग्य मर्यादा आहे. २० वर सुरुवात करा. अंधाऱ्या रंगमंचावर काळ्या पडद्यात चौकोनी ठिगळं दिसली तर १८ वर या.

कॅमेऱ्याने घेतलेल्या प्रयोगात आणखी एक दोष हमखास आढळतो. नट हात हलवतो तेव्हा हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. अशा चित्रीकरणात एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक गुंफलेल्या असतात, म्हणून असं होतं. Filters मध्ये Deinterlace चालू केलं की त्या जातात.

आता सबटायटल. डीव्हीडीवरची सबटायटल म्हणजे मजकूर नसतो, ती अक्षरांची छोटी चित्रं असतात. Burned In वर खूण असेल तर HandBrake ती चित्रं दृश्यावर कायमची छापतं आणि पुढे कधीच बंद करता येत नाहीत. MKV निवडून ती खूण काढली तर ती वेगळी राहतात. हवी तेव्हा लावता येतात, नको तेव्हा काढता येतात. म्हणून MKV घ्या, Subtitles मध्ये इंग्रजी ट्रॅक जोडा आणि Burned In वरची खूण काढून टाका. टीव्हीला MKV मधली अशी सबटायटल दाखवता येत नसतील, तरच छापील पर्याय स्वीकारा.

सगळं नाटक एकदम रूपांतरित करू नका. Preview मध्ये अंधाराचा, हालचालीचा आणि सबटायटल असलेला एखादा मिनिट काढून टीव्हीवर पाहा, मगच पूर्ण काम सुरू करा. फाइल तयार झाली की शेवटपर्यंत चालते का ते तपासा, दुसऱ्या हार्ड डिस्कवर तिची प्रत ठेवा आणि मूळ डिस्क मात्र टाकून देऊ नका.