अकरा कोटी आठ लाखांतला शून्य

परदेशी ग्राहकाने कारखान्याचे नफा-तोटा पत्रक मागितले, की हिशेबनीसाला कोटीचे आकडे मिलियनमध्ये मांडावे लागतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणून एक कोटीचे दहा मिलियन. कोटीतल्या आकड्याला दहाने गुणले की झाले. गुणाकारात कोणी चुकत नाही. चूक होते त्याआधी, बोललेला आकडा दशांशात लिहिताना.

उदाहरणादाखल एक लहान कारखाना घेऊ. वर्षाची विक्री ८४ कोटी ३७ लाख. कच्चा माल ५१ कोटी ६२ लाखांचा, पगार ११ कोटी ८ लाख, इतर खर्च १४ कोटी २५ लाख. करपूर्व नफा उरतो ७ कोटी ४२ लाख. मिलियनमध्ये विक्री ८४३.७, कच्चा माल ५१६.२, इतर खर्च १४२.५ आणि नफा ७४.२.

राहिले पगार. ११ कोटी ८ लाख हा आकडा घाईत ११.८ कोटी असा लिहिला जातो आणि त्याचे ११८ मिलियन होतात. पण कोटीत शंभर लाख असतात, त्यामुळे आठ लाखांसाठी दशांशचिन्हानंतर शून्य हवाच: ११.०८ कोटी, म्हणजे ११०.८ मिलियन. तो शून्य गळला की पगार ७२ लाखांनी फुगतो.

ही चूक पकडता येते. बेरीज कोटीतून उचलू नये, मिलियनमध्ये नव्याने करावी. चुकीच्या पगाराने नफा ७४.२ ऐवजी ६७ येतो. फरक ७.२. दशांशचिन्ह काढून उरलेल्या ७२ ला नऊने पूर्ण भाग जातो. अंक एक घर सरकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तर फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. म्हणून असा फरक दिसताच आधी लाखांचा आकडा एकअंकी असलेल्या ओळी तपासाव्यात.

बिलियन मात्र अशा पत्रकात वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. बिलियन म्हणजे शंभर कोटी. एका दशांशापर्यंत विक्री ०.८ आणि नफा ०.१ बिलियन लिहिला, तर वाचणाऱ्याला नफा साडेबारा टक्के वाटेल. प्रत्यक्षात तो ८.८ टक्के आहे. आपल्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही आकडे पूर्णांकित करण्यासाठी लाख, मिलियन, कोटी ही एकके दिली आहेत, बिलियन नाही. एकदा निवडलेले एकक सगळ्या पत्रकात तेच ठेवावे, अशीही अट तिथे आहे.

पत्रकाच्या माथ्यावर ‘रुपये, मिलियनमध्ये’ असे स्पष्ट लिहावे. नुसते ‘मिलियन’ लिहिले, तर परदेशातला वाचक ते डॉलर समजू शकतो. प्रति शेअर नफ्याची ओळ मात्र साध्या रुपयांतच ठेवावी आणि तिच्यापुढे तसे नोंदवावे.